विमा कंपनी क्लेम देतेय, पण हुंडेकऱ्याकडून वसुलीचा हक्क मागतेय. सब्रोगेशनच्या कागदावर सही करू का?

टेरीटॉवेल_सोलापूर | १४ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २८ ऑगस्टला दिल्लीच्या पार्टीसाठी ४० गाठी इथल्या हुंडेकऱ्याकडे बुक केल्या. बिल ६,२०,००० रुपयांचं, म्हणजे गाठीला १५,५००. भाडं १६,००० ठरलं होतं. माल ३ सप्टेंबरला पोचला तेव्हा गाडीची ताडपत्री मागच्या अंगाला फाटलेली आणि २२ गाठी भिजलेल्या. तिथल्या गोडाऊनच्या माणसाने शहाणपणाने बिल्टीच्या कॉपीवरच "२२ गाठी ओल्या, ताडपत्री फाटलेली" असा शेरा लिहून ड्रायव्हरची सही घेतली. वरचा बारदाना तोवर सुकत आला होता, पण गाठ फोडल्यावर पांढऱ्या टॉवेलांवर मरून रंग उतरलेला, घडीच्या कडेने पिवळट रेघा आणि कुबट वास. असा माल फर्स्टमध्ये कोण घेणार?

आमची ट्रान्झिट पॉलिसी आहे. सर्व्हेअर येऊन गेला. भिजलेला माल लॉटमध्ये ९६,००० ला विकला गेला. २२ गाठींचे ३,४१,००० धरले तर निव्वळ नुकसान २,४५,०००. त्यातून पॉलिसीतला २५,००० चा एक्सेस वजा करून कंपनी २,२०,००० द्यायला तयार आहे. इथवर माझी काही तक्रार नाही.

आता कंपनी म्हणते, हुंडेकऱ्याला दिलेल्या क्लेम नोटिशीची प्रत द्या, आणि स्टॅम्प पेपरवर 'लेटर ऑफ सब्रोगेशन' आणि स्पेशल पॉवर ऑफ ॲटर्नी सही करून द्या. दुसरीकडे हुंडेकरी म्हणतो, "मालक, ४०,००० पुढच्या भाड्यात वळते करतो, आपलं काही येणं-देणं राहिलं नाही एवढं लिहून द्या." त्याच्याशी बारा वर्षांचा व्यवहार आहे.

माझे प्रश्न दोन. हप्ता मी भरला, नुकसान माझं झालं, मग हुंडेकऱ्याकडून येणारे पैसे कंपनीने का घ्यायचे? आणि हुंडेकऱ्याचे ४०,००० घेऊन शिवाय क्लेमही घेतला तर काय बिघडतं? माझे २५,००० तर कुणीच देत नाहीये.

---

प्रशांत_पंढरपूर | १४ जानेवारी, रात्री १०:१५

सही करू नका! माझ्या माहितीप्रमाणे सही केली की तुमचा मालावरचा सगळा हक्क कंपनीकडे जातो. उलट तुम्हीच हुंडेकऱ्यावर ग्राहक मंचात जा, तिथे कोर्ट फी कमी आणि वकील लागत नाही. नोटिशीची घाई नाही, नुकसान कळल्यापासून सहा महिने असतात.

---

विनय_ट्रान्सपोर्ट | १४ जानेवारी, रात्री १०:५०

मी त्याच धंद्यात आहे म्हणून बोलतो. आमच्या बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' छापलेलं असतं. म्हणजे जोखीम मालवाल्याची, आणि ती त्याने विम्यावर टाकलेली असते. पाऊस आला त्याला आम्ही काय करणार? शिवाय पार्टीला विम्याचे पैसे मिळाले म्हणजे तिचं नुकसान उरलंच नाही, मग पुन्हा आमच्याकडे कशाचे मागता? तुमचा हुंडेकरी ४०,००० देतोय तो संबंध राखायला देतोय.

---

माधवकाका | १५ जानेवारी, सकाळी ७:२०

मी एका सरकारी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरी केली, त्यातली शेवटची बरीच वर्षं वसुलीचं काम पाहिलं. टॉवेलवाले, दोन्ही प्रश्न बरोबर विचारलेत, पण त्यांच्याआधी एक तातडीचं काम आहे. प्रशांतरावांनी सहा महिन्यांचं जे लिहिलं ते जुन्या १८६५ च्या कॅरियर्स ॲक्टमधलं आहे. तो कायदा गेला. आता २००७ चा कॅरेज बाय रोड ॲक्ट आहे, १ मार्च २०११ पासून लागू. त्याच्या कलम १६ प्रमाणे हुंडेकऱ्यावर दावा करायचा असेल तर लेखी नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांत त्याला मिळाली पाहिजे. माल पोचल्यापासून नाही, नुकसान कळल्यापासूनही नाही.

तुमचं बुकिंग २८ ऑगस्टचं. १८० दिवस २४ फेब्रुवारीला भरतात. ३ सप्टेंबरपासून मोजत बसलात तर २ मार्च येईल आणि तोवर दार बंद झालेलं असेल. अशा पाच-सहा दिवसांच्या फरकाने लाखांच्या वसुल्या बुडालेल्या मी फाइलींमध्ये पाहिल्या आहेत.

बिल्टीवरचा शेरा हा नुकसानीचा पुरावा आहे, नोटीस नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं यावर विसंबू नका. कागदावर नोटीस काढा: बिल्टी क्रमांक, तारीख, किती गाठी, नुकसान काय, रक्कम किती मागताय. एक प्रत सोलापूरच्या बुकिंग ऑफिसला आणि एक हुंडेकऱ्याच्या मुख्य ऑफिसला, पोचपावतीसह स्पीड पोस्टने. पोचपावती परत आली की नाही तेही बघा.

आता 'कंपनीने का घ्यायचे'. विमा हा नुकसान भरून काढण्याचा करार आहे. तुमचे २,४५,००० गेले. कंपनीकडून २,२०,००० आणि हुंडेकऱ्याकडून पूर्ण २,४५,००० असे दोन्ही तुमच्याकडे राहिले तर गाठी भिजल्यामुळे तुम्हाला दोन लाखांवर फायदा होईल. तो कायदा होऊ देत नाही. आणि कंपनीने हुंडेकऱ्याला सोडून दिलं तर ज्याने फाटकी ताडपत्री घालून गाडी काढली तो मोकळा सुटतो आणि त्याचा भार पुढच्या वर्षी सगळ्या मालवाल्यांच्या हप्त्यात चढतो. म्हणून पैसे देणारी कंपनी तुमच्या जागी उभी राहून चूक करणाऱ्याकडून वसूल करते. मरीन इन्शुरन्स ॲक्ट १९६३ च्या कलम ७९ मध्ये हे आहे, आणि तुमची ट्रान्झिट पॉलिसी त्याच घरातली.

मात्र 'तुमच्या जागी' हे शब्द शब्दशः घ्या. तुमचा हुंडेकऱ्यावर जेवढा हक्क आहे तेवढाच कंपनीला मिळतो, त्याहून तसूभर जास्त नाही. तुम्ही आज ४०,००० घेऊन "काही येणं नाही" लिहून दिलंत तर तुमचा हक्क तिथेच संपला, आणि कंपनीला उभं राहायला जागाच उरत नाही. पॉलिसीत वाहतूकदारावरचे हक्क शाबूत ठेवण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली असते, ते कलम काढून वाचा. मग कंपनी क्लेम कापते, नाकारते, किंवा दिलेला परत मागते. ४०,००० साठी २,२०,००० टांगणीला लावू नका.

---

सुनीता_जोडभावी | १५ जानेवारी, सकाळी ११:०५

माझ्या भावाच्या बाबतीत असंच झालंय, म्हणून विचारते. त्याच्या टेम्पोने अपघात झाला होता, ड्रायव्हरचं लायसन्स संपलेलं निघालं. कोर्टाने विमा कंपनीला मयताच्या घरच्यांना पैसे द्यायला लावले आणि आता कंपनीने ते भावाकडूनच वसूल करायला नोटीस पाठवलीय. हप्ता तर भावानेच भरला होता. हेच का ते सब्रोगेशन? त्याने कुठलाच कागद सही केलेला नाही, मग ते मागू शकतात का?

---

ॲड_रेवती | १५ जानेवारी, दुपारी १:३०

सुनीताताई, हे वेगळं आहे, इथे मिसळू नका. टॉवेलवाल्यांच्या बाबतीत कंपनी तिसऱ्या माणसाकडून, म्हणजे चूक करणाऱ्या हुंडेकऱ्याकडून वसूल करतेय. तुमच्या भावाकडे ती स्वतःच्याच ग्राहकाकडून मागतेय, कारण पॉलिसीची अट मोडली गेली असं तिचं म्हणणं आहे. अपघातग्रस्ताला पैसे आधी मिळावेत म्हणून न्यायाधिकरण 'आधी द्या, मग मालकाकडून घ्या' असा हुकूम करतं. त्याला सहीचा कागद लागत नाही, हुकूमच पुरेसा. तरी भावाच्या बाजूने एक गोष्ट बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वरणसिंग निकालाप्रमाणे नुसतं लायसन्स नव्हतं एवढं पुरत नाही, मालकाने काळजी घेतली नाही हे कंपनीने दाखवायचं असतं. हुकूम कोणत्या तारखेचा आहे आणि अपिलाची मुदत उरलीय का हे लगेच तपासून घ्या. कागद घेऊन वकिलाकडे जा, इथे फोटो टाकू नका.

आता विनयजींचे मुद्दे.

ओनर्स रिस्क: छापील शिक्क्याने हुंडेकरी स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटत नाही. जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्सच्या निकालात हे स्पष्ट केलं. तिथे माल वाहतूकदाराच्या ताब्यात असताना गोदामाला लागलेल्या आगीत गेला होता. नव्या कायद्यातही कलम १२ सांगतं की निष्काळजीपणा झाला हे मालवाल्याने सिद्ध करायची गरज नाही. माल चांगला दिला, खराब पोचला, एवढं दाखवलं की ओझं हुंडेकऱ्यावर जातं.

पाऊस: कलम १७ मध्ये दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी जप्ती अशा मोजक्या सुटका आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात पाऊस लागणं ही दैवी आपत्ती म्हणून टिकेल असं मला वाटत नाही. त्यातही हुंडेकऱ्याने वाजवी काळजी घेतली होती हे दिसावं लागतं, आणि इथे तर फाटक्या ताडपत्रीचा शेरा ड्रायव्हरच्या सहीने आहे.

विमा मिळाला म्हणून नुकसान उरलं नाही: हा बचाव चालत नाही. मालवाल्याने स्वतःच्या पैशाने विमा घेतला, त्याचा फायदा चूक करणाऱ्याला मिळत नाही.

आणि प्रशांतजी, ग्राहक आयोगाचं अर्धं बरोबर. विमा कंपनीने क्लेम अडवला तर तिच्याविरुद्ध कारखानदारही तिथे जातात. पण हुंडेकऱ्याची सेवा धंद्याच्या मालासाठी घेतलेली. १५ मार्च २००३ पासून व्यापारी हेतूसाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्याच्या बाहेर आहे. म्हणजे इथे दिवाणी कोर्टच.

---

प्रशांत_पंढरपूर | १५ जानेवारी, दुपारी ४:००

ठीक आहे, मुदतीचं मान्य. माझ्या मामांच्या केसमध्ये ग्राहक मंचात जमलं होतं, पण ती २००१ ची होती. तरी माझा मूळ मुद्दा तसाच आहे. सही केली की सगळा हक्क कंपनीचा होतो, हे चूक आहे का?

---

ॲड_रेवती | १५ जानेवारी, सायंकाळी ६:४५

कागदात काय लिहिलंय त्यावर आहे, आणि या धाग्यातला खरा कळीचा मुद्दा हाच. त्यावर २०१० चा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल आहे, इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स. सोलापूरकरांना ओळखीची वाटावी अशीच ती केस: सूतगिरणीने कापसाचं सूत ट्रकने पाठवलं, गाडीला अपघात, माल गेला, विमा कंपनीने गिरणीला पैसे दिले आणि सब्रोगेशनचं पत्र व मुखत्यारपत्र लिहून घेतलं. मग गिरणी आणि कंपनी दोघी मिळून वाहतूकदारावर गेल्या.

त्याआधी २००० सालच्या एका निकालामुळे घोळ झाला होता. असा कागद दिसला की तो हक्काची सरळ विक्री आहे असं धरून कंपनीची तक्रार फेटाळली जायची. घटनापीठाने सांगितलं की तीन प्रकार वेगळे करा. एक, काहीही लिहून न देता, पैसे दिले म्हणूनच कायद्याने येणारा हक्क. दोन, त्या हक्काच्या अटी कागदावर लिहून दिलेला. तीन, कागदात त्यापुढे जाऊन हक्कच कंपनीच्या नावे करून दिलेला, म्हणजे असाइनमेंट. पहिल्या दोन प्रकारांत दावा तुमच्या नावाने चालतो, किंवा तुम्ही आणि कंपनी मिळून करता. तिसऱ्यात कंपनी एकटी स्वतःच्या नावाने जाऊ शकते आणि तुमचा त्या पैशाशी संबंध संपतो.

वरचं शीर्षक 'लेटर ऑफ सब्रोगेशन' असलं तरी आत तिसरा प्रकार लिहिलेला असू शकतो. म्हणून मजकूर बघितल्याशिवाय 'करा' किंवा 'करू नका' दोन्ही मी सांगणार नाही. टॉवेलवाले, नावं झाकून मधला परिच्छेद टाका.

---

टेरीटॉवेल_सोलापूर | १५ जानेवारी, रात्री ९:२०

काका, रेवतीताई, मनापासून आभार. उद्याच नोटीस काढतो.

पत्र इंग्रजीत आहे, मला कळलं ते असं. "तुमच्याकडून २,२०,००० मिळाल्याच्या बदल्यात सदर मालाबाबत वाहतूकदाराविरुद्धचे आमचे सर्व हक्क व उपाय तुमच्याकडे सब्रोगेट करतो व नावे करून देतो. आमच्या नावाने दावा करण्यास अधिकार देतो. होणाऱ्या वसुलीतून प्रथम तुमची दिलेली रक्कम तुम्ही घ्यावी." त्यानंतर मी साक्षीला येईन, कागद देईन वगैरे. खर्चाबद्दल काही नाही.

ही सगळी वाक्यं एकत्र वाचून मला नेमकं काय मिळतं आणि काय जातं ते समजत नाही.

---

माधवकाका | १६ जानेवारी, सकाळी ७:०५

आकड्यांतच बघा, लगेच कळेल.

तुमचं नुकसान २,४५,०००. कंपनीचे २,२०,०००. तुमच्या खिशातले २५,०००. हुंडेकऱ्याकडून सगळे २,४५,००० आले तर भांडणच नाही, कंपनी आपले २,२०,००० घेईल आणि तुमचे २५,००० तुम्हाला. खरी अडचण कमी वसुली झाली की येते, आणि बहुतेक वेळा कमीच होते.

समजा १,६०,००० आले. हा आकडा मी सहज घेतलेला नाही, खाली सांगतो. पत्रात काहीच अट नसेल तर चरण स्पिनिंगच्या निकालाप्रमाणे आधी तुमचं उरलेलं नुकसान भरायचं. म्हणजे २५,००० तुमचे, उरलेले १,३५,००० कंपनीचे. कंपनी तोट्यात राहिली तरी चालेल, विमा घेतलाच त्यासाठी. पण तुमच्या पत्रात 'प्रथम तुमची रक्कम तुम्ही घ्यावी' आहे. १,६०,००० हे २,२०,००० पेक्षा कमी, म्हणजे सगळेच्या सगळे कंपनीचे आणि तुम्हाला शून्य. आणि 'नावे करून देतो' हे शब्द असाइनमेंट म्हणून वाचले गेले तर पूर्ण २,४५,००० आले तरी वरच्या २५,००० वर तुमचा दावा राहत नाही. एका ओळीचा फरक, पण तुमच्यासाठी २५,००० चा.

त्यामुळे कंपनीला ईमेल करा. तीन गोष्टी मागा: 'नावे करून देतो' हे शब्द काढावेत, 'प्रथम' ची ओळ काढावी किंवा एक्सेसची रक्कम विमेदाराला आधी मिळेल असं लिहावं, आणि दाव्याचा सगळा खर्च, हरलो तर समोरच्याचा खर्च धरून, कंपनी करेल असं लिहावं. शेवटची मागणी फार महत्त्वाची, कारण दावा तुमच्या नावाने जाणार आहे. वादी तुम्ही असता, कोर्टाचा हुकूम तुमच्या नावावर येतो.

हे मागितल्याने क्लेम रखडेल अशी भीती वाटते, पण मी नोकरीत असताना विनंती नीट लिहून आली की बदल करून दिलेले आहेत. छापील मसुदा मुख्य ऑफिसचा असतो, शाखेतला माणूस आधी 'जमत नाही' म्हणेलच. त्याला सांगा, रिकव्हरी खात्याला पाठवा.

आता १,६०,००० चं. २००७ च्या कायद्याच्या कलम १० मध्ये हुंडेकऱ्याची जबाबदारी मर्यादित केलीय आणि २०११ च्या नियमांत ती भाड्याच्या दहापट ठेवलीय, बिल्टीआधीच्या फॉरवर्डिंग नोटमध्ये सांगितलेल्या किमतीच्या वर जाणार नाही अशी. तुमचं भाडं १६,००० म्हणून दहापट १,६०,०००. ही मर्यादा नको असेल तर बुकिंगच्या वेळीच जादा जोखमीचा दर भरायचा असतो. सोलापुरात तो कुणी भरताना मी पाहिला नाही, कारण 'विमा आहे ना' असं म्हणून विषय संपतो.

---

विनय_ट्रान्सपोर्ट | १६ जानेवारी, सकाळी ९:३०

ओनर्स रिस्कबद्दल ताईंनी सांगितलं ते मला या शब्दांत आधी कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या असोसिएशनमध्ये आजही सगळे तोच शिक्का ढाल म्हणून वापरतात. पण दहापटीचा नियम आम्हाला पक्का माहीत आहे, त्याहून एक रुपया देणं लागत नाही.

आणि आमची बाजूही ऐका. टॉवेलच्या गाठीचं भाडं ४०० रुपये, आतला माल १५,५०० चा. त्या भाड्यात पूर्ण मालाची जोखीम घ्यायची तर दर वाढवावा लागेल, आणि दर वाढवला की पार्टी दुसऱ्याकडे जाते. मोठ्या कारखान्यांचे वर्षाचे करार असतात तेव्हा ते विमा कंपनीकडून 'आम्ही वाहतूकदारावर जाणार नाही' अशी सूट पॉलिसीतच घेतात. छोट्यांसाठी कुणी घेत नाही. ताडपत्री फाटकी होती ही चूकच, ते मी झाकत नाही.

---

ॲड_रेवती | १६ जानेवारी, रात्री ८:१०

विनयजी, भाड्याचं म्हणणं रास्त आहे, म्हणूनच कायद्याने दहापटीची मर्यादा घातली. पण ती आपोआप मिळते असं मी मानत नाही. कलम ८ प्रमाणे बुकिंगला फॉरवर्डिंग नोट भरून घ्यायची असते, त्यात मालाची किंमत येते. जादा दराचा पर्याय मालवाल्यापुढे ठेवला होता का, हुंडेकऱ्याकडे नोंदणी आहे का, हे सगळं मी कोर्टात विचारेन. आणि फाटकी ताडपत्री डोळ्यांसमोर असताना गाडी सोडणं हा साधा निष्काळजीपणा की त्याहून जास्त, यावरही मांडता येतं. म्हणून नोटिशीत रक्कम पूर्ण २,४५,००० मागा, १,६०,००० नाही. आपणच कमी मागितलं तर वरचं मागायला तोंड उरत नाही.

---

माधवकाका | १६ जानेवारी, रात्री ९:००

रेवतीताई, पूर्ण मागा याला माझी सहमती. पण फॉरवर्डिंग नोट नाही म्हणून मर्यादा उडेल, हे मला पटत नाही. आम्ही तसे दावे केले आणि समोरच्या वकिलाने दहापटीवर बोट ठेवलं की बहुतेक वेळा तडजोड त्याच आसपास झाली. नोट भरायची जबाबदारी कायद्याने मालवाल्यावरच ठेवलीय, हेही समोरून येणार. टॉवेलवाल्यांनी हिशोब १,६०,००० धरूनच करावा, जास्त आलं तर आनंद.

---

ॲड_रेवती | १६ जानेवारी, रात्री ९:२५

तडजोड तिथे होते म्हणून कायदा तोच आहे असं होत नाही, काका. यावर आपलं जमणार नाही, पण हिशोब सावधपणे धरावा हे मान्य.

आणखी एक तारीख लिहून ठेवा. नोटीस वेळेत गेली तरी दाव्याची मुदत वेगळी आहे: मालाची हानी झाल्यापासून तीन वर्षं, लिमिटेशन ॲक्टच्या अनुच्छेद १० प्रमाणे. कंपनीने पैसे दिले त्या दिवसापासून ती नव्याने सुरू होत नाही, कारण ती तुमच्याच जागी आहे. क्लेम रेंगाळला तर ती वर्षं कंपनीचीच कमी होतात. बिल्टीच्या मागे 'फक्त अमुक शहराच्या कोर्टात दावा' असं छापलंय का तेही बघून ठेवा.

---

टेरीटॉवेल_सोलापूर | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१०

इथवरची हकिकत लिहितो.

नोटीस १७ जानेवारीला दोन्ही ऑफिसला पोचपावतीसह स्पीड पोस्टने गेली, रक्कम २,४५,०००. सोलापूरची पोचपावती सही-शिक्क्यासह आली, मुख्य ऑफिसचीही गेल्या आठवड्यात आली. दोन्ही क्लेम फाइलला लावल्या.

कंपनीने पत्रातले 'नावे करून देतो' हे शब्द काढले. खर्च कंपनी करेल ही ओळही घातली. 'प्रथम' च्या ओळीवर मात्र अडून आहेत. शाखेतल्या बाईंचं म्हणणं, ही ओळ सगळ्यांच्याच पत्रात असते. मी रिकव्हरी खात्याला पुन्हा लिहिलंय.

हुंडेकऱ्याचं लेखी उत्तर आलं. त्याच्या वकिलाने ओनर्स रिस्क आणि पाऊस दोन्ही लिहून शेवटी 'काहीही झालं तरी दहापटीच्या वर नाही' असं म्हटलंय. तोंडी निरोप वेगळाच आहे. तो म्हणतो, १,६०,००० चा चेक थेट तुमच्या नावाने देतो, कंपनीला मध्ये आणू नका. आता तर दुप्पट पेच आहे. क्लेमचे पैसे अजून आलेले नाहीत, म्हणजे आजच्या घडीला हक्क माझाच आहे ना? मग चेक घ्यायला काय हरकत?

---

ॲड_रेवती | ९ फेब्रुवारी, सकाळी ८:४०

पैसे आले नाहीत तोवर हक्क तुमचाच, हे खरं. पण चेक 'पूर्ण व अंतिम' म्हणून घेतलात तर वरचे ८५,००० कायमचे गेले, आणि कंपनीला न विचारता तिचाही रस्ता बंद केलात असं ती म्हणेल. चेक घ्यायचाच असेल तर आधी कंपनीला ऑफर कळवा आणि तिची लेखी संमती घ्या. तिने होकार दिला तर चेक घ्या. मग कंपनी तुम्हाला उरलेले ८५,००० देईल की त्यातूनही एक्सेस कापून ६०,००० देईल, हे संमतीच्या पत्रातच लिहून घ्या. माझ्या मते एक्सेसचा वाद उकरायला हीच उत्तम वेळ आहे, कारण आता कंपनीला तुमच्या सहीची गरज आहे.

तिने नकार दिला तर हुंडेकऱ्याला सांगा, रक्कम हक्क राखून घेईन, अंतिम म्हणून नाही. त्यावर तो चेक देणार नाही हे गृहीत धरा.

---

माधवकाका | ९ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

कंपनी होकार देईल असं मला वाटतं. दहापटीची रक्कम दाव्याशिवाय घरबसल्या येत असेल तर रिकव्हरी खातं ती सोडत नाही. ऑफर मात्र तोंडी पाठवू नका, हुंडेकऱ्याकडून लेखी घ्या आणि मगच ईमेलला जोडा. ती हातात नसताना कंपनीशी बोलणी केलीत आणि तो मागे फिरला तर तुमच्याकडे काहीच राहत नाही.

---

विनय_ट्रान्सपोर्ट | ९ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

तो लेखी देईल, फक्त त्यावर 'हक्कास बाधा न येता' असं लिहील. आमचे वकील तसंच सांगतात. काका, मला एक विचारायचं होतं. आम्हा हुंडेकऱ्यांसाठी वाहतूकदाराच्या जबाबदारीची वेगळी पॉलिसी असते म्हणतात. ती असती तर हे १,६०,००० आमच्या कंपनीने दिले असते का? आणि फाटक्या ताडपत्रीवर ती क्लेम नाकारते का?

---

माधवकाका | ९ फेब्रुवारी, रात्री ८:५०

असते, आणि कायद्याने तुमच्यावर येणारी रक्कम ती देते. ताडपत्रीचं मात्र पॉलिसीच्या मजकुरावर आहे. गाडी माल नेण्याजोगी ठेवण्याची अट जवळजवळ सगळ्यांत असते आणि नाकारायला कंपनी तीच पुढे करते. गाडी सुटताना ताडपत्रीचा फोटो तारखेसह काढून ठेवायची सवय लावा. पॉलिसी काढायच्या आधी मजकूर इथे टाका, बघून सांगतो.